थोडक्यात हुकलेली जागा

आदिलाबाद जिल्ह्याच्या बेला, जैनथ, तामसी, तलमडगू या मंडलांतील मराठी घरांत ‘नीट’चा निकाल लागला की ‘थोडक्यात हुकलं’ हे वाक्य जितक्या वेळा उच्चारले जाते, तितक्या वेळा ते मोजून पाहिले जात नाही. आणि मोजल्यावाचून उच्चारलेल्या या एका वाक्याच्या आधारावर एक संपूर्ण वर्ष, घरातील कपाशीचे उत्पन्न आणि अठरा वर्षांच्या मुलामुलीची उमेद पणाला लावली जाते. पुन्हा एक वर्ष परीक्षेची तयारी करावी, ज्याला तेलंगणात सर्रास ‘लाँग टर्म’ आणि पलीकडे महाराष्ट्रात ‘रिपीटर बॅच’ म्हणतात, की आदिलाबादच्या शासकीय पदवी महाविद्यालयात बी.एस्सी.ला नाव घालावे, हा प्रश्न तत्त्वाचा मानला जातो. पण त्यातील निम्मा भाग निव्वळ हिशेबाचा आहे आणि उरलेल्यातील बराचसा दाखल्यांचा आहे. म्हणून आधी हिशेब पाहू.

जागा गुणांवर मिळत नाही, क्रमांकावर मिळते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असूनही घरातील चर्चा गुणांतच चालते. प्रश्नपत्रिका 720 गुणांची; 2024 साली सुधारित निकालानंतरही सतरा विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण होते, तर 2025 साली देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला 686 गुण होते. नुसती पात्रता मिळण्यासाठी खुल्या वर्गाला 2023 मध्ये 137, 2024 मध्ये 162 आणि 2025 मध्ये 144 गुण लागले. म्हणजे ज्या मुलाच्या चुलतभावाला दोन वर्षांपूर्वी अमुक गुणांवर प्रवेश मिळाला, त्या मुलाने त्या गुणांशी आपली तुलना करणे म्हणजे अवर्षणाच्या सालच्या पिकावरून अतिवृष्टीच्या सालचा खंड ठरवण्यासारखे आहे. त्यातच मधल्या पट्टीत विद्यार्थ्यांची दाटी एवढी असते की एकेका गुणामागे शेकडो, आणि काही वर्षी त्याहूनही पुष्कळ अधिक क्रमांक घसरतात. त्यामुळे ‘दहा गुणांनी हुकलं’ या वाक्याचा अर्थ एका साली जवळ आणि दुसऱ्या साली फार लांब असा होऊ शकतो.

तेव्हा मोजावयाचे ते हे: आपल्या प्रवर्गात, तेलंगणाच्या स्थानिक विद्यार्थ्यांमध्ये, शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा क्रमांक कोणता, आणि आपला क्रमांक त्याच्यापासून किती दूर. वरंगळच्या काळोजी नारायणराव आरोग्यविज्ञान विद्यापीठाकडे या प्रवेशांचा कारभार आहे आणि फेरीगणिक निवड झालेल्यांच्या याद्या ते प्रसिद्ध करते. पुष्कळ पालक पहिल्या फेरीची यादी पाहून हताश होतात, वास्तविक पहिल्या फेरीत जागा घेतलेले कित्येक विद्यार्थी पुढे अखिल भारतीय कोट्यातून अन्यत्र निघून जातात आणि प्रवेशाची रेषा खाली सरकत राहते. उलटपक्षी काही पालक शेवटच्या फेरीत एखाद्या खाजगी महाविद्यालयाच्या कन्व्हेनर कोट्यात पडलेला क्रमांक पाहून तीच आपली रेषा असे धरून चालतात आणि शुल्काचा विचार मागाहून करतात. यादी वाचताना महाविद्यालय, प्रवर्ग आणि फेरी ही तिन्ही खाती एकत्र पाहिली नाहीत तर अंतराचा अंदाज चुकतो.

या रेषेला आणखी एक गती आहे, जी या जिल्ह्यात विशेष जाणवते. आदिलाबादचे राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थान, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘रिम्स’, 2008 साली निघाले आणि पुढे कित्येक वर्षे अखंड आदिलाबाद जिल्ह्याला तेवढेच एक सरकारी वैद्यकीय महाविद्यालय होते. 2016 साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले, आणि मग 2022 मध्ये मंचेरियालला, 2023 मध्ये निर्मल आणि आसिफाबादला नवी सरकारी महाविद्यालये उघडली. जागा वाढल्या की रेषा खाली येते, हे खरे. पण परीक्षार्थीही वाढतात, आणि जागा दरवर्षी अशाच वाढत राहतील असे गृहीत धरून वर्ष घेणारा विद्यार्थी शासनाच्या पुढच्या निर्णयावर आपली भिस्त ठेवत असतो. नव्या महाविद्यालयांच्या भरवशावर नव्हे, तर आपल्या उत्तरपत्रिकेतील चुकांच्या भरवशावर वर्ष घ्यावे, असे माझे मत आहे. आणि चुकांचा भरवसा म्हणजे काय, ते एका उदाहरणाने स्पष्ट करतो.

समजा, बेला मंडलातील एका गावची मुलगी. तिच्या जीवशास्त्राच्या नव्वद प्रश्नांपैकी चौऱ्याहत्तर बरोबर, बारा चूक आणि चार कोरे: बरोबर प्रश्नाला चार, चुकीला उणे एक, म्हणून 284 गुण. रसायनशास्त्राच्या पंचेचाळिसांत सत्तावीस बरोबर, तेरा चूक, पाच कोरे: 95. पदार्थविज्ञानाच्या पंचेचाळिसांत पंधरा बरोबर, सोळा चूक आणि तब्बल चौदा कोरे: 44. एकूण 423. आणि समजा, तिच्या प्रवर्गातील शेवटचा प्रवेश तिच्याहून वीस गुण वर असलेल्या विद्यार्थ्याला मिळाला. चुकीचा एक प्रश्न बरोबर झाला तर उणे एक जाऊन चार मिळतात, म्हणजे पाच गुणांचा फरक पडतो. म्हणून वीस गुण म्हणजे अवघे चार प्रश्न. इथवर हिशेब सुखावणारा आहे, आणि बहुतेक घरांत तो इथेच थांबतो.

पण चार प्रश्न कोणते, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. सुदैवाने हा शोध आज कल्पनेने करावा लागत नाही: परीक्षा घेणारी संस्था प्रत्येकाच्या ओएमआर पत्रिकेची प्रतिमा आणि उत्तरसूची उपलब्ध करून देते, उत्तरसूचीवर शुल्क भरून हरकतही घेता येते. ती प्रतिमा समोर ठेवून, प्रश्नपत्रिका हातात घेऊन, एकेका चुकीच्या आणि कोऱ्या प्रश्नापुढे त्याचे कारण लिहावे. काही प्रश्न असे निघतात की उत्तर ठाऊक होते, पण ‘अयोग्य विधान निवडा’मधला ‘अ’ नजरेतून सुटला किंवा गोल भरताना ओळ चुकली. काहींत दोन पर्यायांपर्यंत पोहोचून पाऊल घसरले. आणि काही प्रकरणे मुळातच वाचलेली नव्हती. पहिल्या प्रकारासाठी वर्ष लागत नाही, वेळ लावून सोडवलेल्या थोड्या प्रश्नपत्रिका पुरतात. दुसऱ्या प्रकाराला सराव लागतो. वर्षाची खरी गरज तिसऱ्या प्रकाराला असते, आणि आपल्या या मुलीच्या पदार्थविज्ञानाकडे पाहिले तर तिथे तोच प्रकार पसरलेला दिसेल, कारण चौदा प्रश्न कोरे सोडणे हे आळसाचे लक्षण नसून गतिशास्त्र आणि विद्युत् ही प्रकरणे अर्धवट राहिल्याचे लक्षण आहे.

कोऱ्या प्रश्नांविषयी एक गोष्ट जाता जाता सांगतो. उणे गुणांची धास्ती इतकी खोल रुजलेली आहे की एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला तरी मुले प्रश्न सोडून देतात. वस्तुतः चार पर्यायांत डोळे झाकून निवड केली तरी सरासरीने पाव गुण पदरात पडतो. एक पर्याय बाद झाला की सरासरी दोनतृतीयांश गुणापर्यंत जाते. हा जुगार नव्हे, साधा अपेक्षेचा हिशेब आहे, मात्र सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला तशीच येईल असे नाही, हेही लक्षात असावे.

ज्या मुलीची त्रुटी एका विषयात एकवटलेली आहे, तिच्यासाठी वर्ष घेणे मला समंजसपणाचे वाटते. जिची त्रुटी तिन्ही विषयांत थोडीथोडी, सारखी पसरलेली आहे आणि जिने आधीच एक वर्ष लाँग टर्ममध्ये घालवले आहे, तिच्या बाबतीत आणखी एक वर्ष देण्याआधी मी फार साशंक होईन, कारण पहिल्या वर्षी ज्या गोष्टी सुधारण्याजोग्या होत्या त्या बहुधा सुधारून झालेल्या असतात. परीक्षा कितीही वेळा देता येते, वरची वयोमर्यादाही राहिलेली नाही, आणि हाच मुभेचा धोका आहे: थांबावयाचे कुठे, हे नियम सांगत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आतापर्यंतच्या चाचण्यांत पदार्थविज्ञानाचे बरोबर प्रश्न मेच्या पेपरापेक्षा स्पष्ट वाढलेले नसतील, तर वर्ष हातचे जात आहे असे समजावे. चाचणीचे एकूण गुण मात्र पाहू नयेत, कारण प्रत्येक चाचणी कठीण-सोपी निघते. त्याच वर्गातील त्याच मुलांमध्ये आपला क्रमांक वर सरकतो आहे का, हे अधिक खरे बोलते.

आता दाखल्यांकडे वळू, कारण पैनगंगेच्या या काठावरील मराठी घरांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. 1956 साली भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे भाग मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला, पण सोयरिकी काही सीमेने तोडल्या नाहीत; पांढरकवडा, वणी, किनवट येथे मामा-मावश्या राहतातच. मुलगी दहावीला बरे गुण मिळवते आणि पांढरकवड्याचा मामा म्हणतो, “भाऊजी, पोरीले तिकडं तेलगूत कायले ठेवता? लातुरात टाका, दोन वर्षांत डॉक्टर होते.” सल्ला आपुलकीचा असतो, लातूरच्या शिकवणीचा लौकिकही खरा आहे; पण अकरावी-बारावी महाराष्ट्रात करताच त्या मुलीचा तेलंगणातील स्थानिकत्वाचा हक्क धोक्यात येतो.

या राज्यात स्थानिक कोण, हा प्रश्न निजामाच्या मुलकी नियमांपासून, 1919 पासून, भांडणाचा विषय राहिला आहे. 1974 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने शैक्षणिक प्रवेशांसाठी त्याला घटनात्मक चौकट मिळाली. वैद्यकीय प्रवेशांचे नियम तेलंगणाने 2017 साली केले आणि 19 जुलै 2024 च्या शासन आदेशाने ते बदलले. सध्याच्या नियमाचा गाभा असा की पात्रता-परीक्षा, म्हणजे इंटरमिजिएट किंवा बारावी, ज्या वर्षी दिली त्या वर्षापर्यंतची सलग चार शैक्षणिक वर्षे तेलंगणातच शिकलेले असले पाहिजे, आणि ती परीक्षाही तेलंगणातूनच उत्तीर्ण झालेली असली पाहिजे. नववी ते बारावी, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. या नियमाला आव्हान दिले गेले, उच्च न्यायालयात शासनाला माघार घ्यावी लागली, पण 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम केला. शासकीय नोकरीनिमित्त बाहेर गेलेल्यांच्या मुलांसाठी काही सवलती त्यात आल्या, शिकवणीनिमित्त लातूरला गेलेल्यांसाठी नाही.

आणि महाराष्ट्रात? तिथे राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्यात, शिवाय अधिवासाचा दाखला. म्हणजे बेल्याच्या शाळेतून तेलंगणाची दहावी आणि लातुरातून महाराष्ट्राची बारावी केलेली मुलगी दोन्ही काठांना पारखी होते, आणि तिच्यासाठी सरकारी महाविद्यालयांतील अखिल भारतीय कोट्याच्या पंधरा टक्के जागांची चुरसच प्रामुख्याने उरते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील 865 गावांच्या मुलांसाठी महाराष्ट्राने प्रवेशात सवलत ठेवलेली आहे. तेलंगणाच्या मराठी भाषकांसाठी तशी काही नाही, हे पुष्कळांना उमगते तेव्हा अर्ज भरून झालेला असतो. केरामेरी आणि जिवती यांच्या दरम्यान दोन्ही राज्ये ज्यांवर दावा सांगतात त्या चौदा गावांत तर मराठी शाळा आणि तेलुगू शाळा शेजारी शेजारी आहेत, आणि नववीला मूल कोणत्या दारातून आत जाते यावर चार वर्षांनंतरचा त्याचा हक्क ठरत जातो. जातीच्या दाखल्याचेही तसेच: महाराष्ट्रातील तहसीलचा दाखला तेलंगणाच्या राखीव जागेला चालत नाही, मीसेवा केंद्रातून इथल्याच तहसीलदारांच्या सहीचा काढावा लागतो.

पण हाच नियम वर्ष घेणाऱ्याच्या बाबतीत नेमका उलटा, त्याच्या बाजूने बोलतो, आणि हे घराघरांत सांगण्यासारखे आहे. चार वर्षांची मोजणी पात्रता-परीक्षेपाशी संपते. ज्या मुलीने नववी ते इंटरमिजिएट आदिलाबादेत पूर्ण केले, तिने त्यानंतरचे वर्ष हैदराबादच्या वसतिगृहात काढले काय, नागपुरात मामाकडे काढले काय किंवा लातुरात, तिचे स्थानिकत्व त्या वर्षाने बाधित होत नाही. म्हणून लातूरला जावयाचेच असेल तर बारावीनंतर जावे, आधी नव्हे. आदिवासी आणि मागासवर्गीय मुलांसाठी तेलंगणाच्या गुरुकुल संस्थाही मागील ‘नीट’चे गुण पाहून निवडलेल्यांना विनाशुल्क दीर्घकालीन शिकवणी देतात, गोंड, कोलाम, परधान, आंध घरांतील पालकांनी ती चौकशी खाजगी वर्गाचे शुल्क भरण्याआधी करावी.

एक बारीक पेच भाषेचाही आहे. ‘नीट’ तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे, परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. मराठी माध्यमातून आलेल्या आदिलाबादच्या मुलाला ती हवी असेल तर अर्जातच यवतमाळ किंवा नांदेडसारखे शहर निवडावे लागते. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो, म्हणून वर्षभर पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत वाचणे शहाणपणाचे.

आता पदवी महाविद्यालयाचा पर्याय. तेलंगणात पदवीचे प्रवेश 2016 पासून ‘दोस्त’ या ऑनलाइन पद्धतीने होतात. आदिलाबादची महाविद्यालये वरंगळच्या काकतीय विद्यापीठाशी संलग्न आहेत. इंटरमिजिएटला बायपीसी घेतलेल्या मुलीच्या वाट्याला साधारणतः वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र असा गट येतो. पुष्कळ पालकांना वाटते की पदवीला नाव घालून घरी ‘नीट’चा अभ्यास केला तर दोन्ही साधेल. वर सांगितलेल्या मुलीचा विचार केला तर यातील विसंगती चटकन ध्यानात येते: तिची उणीव पदार्थविज्ञानात आहे, आणि या गटात तो विषयच नाही. वनस्पतिशास्त्रात शैवाल आणि कवकांचे वर्गीकरण, प्रयोगशाळेच्या वह्या, सत्रपरीक्षा आणि हजेरी यांत तिचे दिवस जातील, आणि ते ज्ञान चांगलेच असले तरी तिच्या चौदा कोऱ्या प्रश्नांना ते पुसून काढणार नाही. ज्याची उणीव जीवशास्त्रात आहे त्याला मात्र थोडा आधार मिळू शकतो. आणि ज्याने मनोमन वैद्यकीयचा नाद सोडला आहे त्याला तर हा मार्ग मुळीच हलका नाही. बी.एस्सी.नंतर बी.एड. करून डीएससीच्या भरतीत उतरणाऱ्या मराठी माध्यमाच्या उमेदवाराला याच जिल्ह्यात अशी वाट आहे जी वरंगळ किंवा करीमनगरच्या उमेदवाराला नाही, कारण मराठी शाळा इथे आहेत आणि त्यांना शिक्षक मराठीतूनच लागतात. जागा थोड्या असतात, हे खरे. पण स्पर्धकही मोजके.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात, निकाल जूनमध्ये. पदवीची प्रवेशप्रक्रिया मे-जूनमध्येच सुरू होऊन वर्ग जुलैच्या सुमारास भरू लागतात. लाँग टर्मच्या तुकड्याही त्याच सुमारास सुरू होतात. आणि वैद्यकीय प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्या मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबतात. त्यामुळे ज्याचा क्रमांक रेषेच्या अगदी लगत आहे त्याला, जागा मिळणार की नाही हे ठाऊक नसतानाच, पदवी आणि पुनर्प्रयत्न यांतून एकाची निवड करावी लागते. अशा वेळी पदवीला नाव घालून ठेवणे वावगे नाही. फक्त मूळ कागद कुठे आहेत, हे ध्यानात ठेवावे. टी.सी., दहावीचा आणि इंटरचा मेमो, नववी ते इंटरपर्यंतचे स्टडी सर्टिफिकेट, जातीचा दाखला या साऱ्यांच्या मूळ प्रती हजर होताना मागितल्या जातात, आणि पदवी महाविद्यालयाच्या कार्यालयातील कपाटात टी.सी. अडकून पडली की तिच्यासाठी चकरा सुरू होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2018 मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार कोणत्याही संस्थेला विद्यार्थ्याचे मूळ दाखले अडकवून ठेवता येत नाहीत, आणि प्रवेश रद्द केल्यास शुल्कपरताव्याचेही नियम ठरलेले आहेत. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी. लिपिकाने तोंडी “सर आल्यावर बघू” म्हटले तर पोच घेतल्याखेरीज उठू नये.

उरलेल्या जागांच्या फेरीत निवड झाल्यावर हजर होण्यास मुदत फार थोडी असते, आणि आदिलाबादहून हैदराबाद तीनशे किलोमीटर आहे. म्हणून दिवाळीच्या सुमारास, लाँग टर्मच्या वसतिगृहात असो की बी.एस्सी.च्या वर्गात, ज्याचा क्रमांक रेषेजवळ आहे त्याच्या घरच्यांनी विद्यापीठाच्या सूचना रोज पाहाव्यात. मूळ दाखले मुलाबरोबर वसतिगृहात न पाठवता घरी एका माणसाच्या हवाली ठेवावेत, त्यांच्या चार-चार साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात आणि कन्व्हेनर कोट्याचे शुल्क भरण्याइतकी रक्कम कापसाचे पैसे येण्याची वाट न पाहता आधीच बाजूला काढावी. कारण हातात आलेली जागा मुदतीत हजर न झाल्यामुळे रद्द झाली, तर तिच्यामागे उभा असलेला पुढच्या क्रमांकाचा विद्यार्थी तीच जागा घेतो, आणि त्याच्या घरी त्या वर्षी ‘थोडक्यात मिळालं’ असे म्हणतात.